सोलापुरात एकटेपणातून जुळलेली मैत्री पुढे न्यायची आहे, पण घाई करायची नाही

चिपळूणची · ३ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मी मूळची चिपळूणची, वय २८, बँकेत आहे. गेल्या जूनमध्ये बदली होऊन सोलापूरला आले. इथे ओळखीचं एकही माणूस नव्हतं. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. घरमालक चांगले आहेत, फक्त 'वर पाहुणे नकोत' एवढी एक अट.

पहिले दोन महिने कामाच्या दिवशी काही वाटायचं नाही, पण रविवारी दुपारी तीन ते सहा हा वेळ कुठे घालवायचा ते कळायचं नाही. एका रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत मी फक्त 'अर्धा लिटर द्या' एवढंच बोलले होते, तेही दुकानदाराशी. हे रात्री झोपताना लक्षात आलं आणि रडू आलं.

ऑगस्टमध्ये खानावळीत एकाशी ओळख झाली. तो यवतमाळचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. माझ्या ताटात कडक भाकरी होती आणि मी ती पोळीसारखी तोडायला बघत होते. समोरून तो म्हणाला, "मॅडम, तशी नाही तुटत ती. चुरा, वरून आमटी घ्या आन् दोन मिनिटं थांबा." तोही माझ्यासारखाच, तीन-चार महिन्यांपूर्वी आलेला. मग रोज रात्री एकाच टेबलावर बसायला लागलो. तो दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याच्या गल्लीत पाणी आमच्या अर्धा तास आधी येतं. इथे चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी, तेही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. तो फोन करतो, "उठा, पाणी आलंय", आणि ठेवून देतो. मी उठून पिंप भरते. सहा महिने हे असंच चाललंय. आम्ही अजून एकमेकांना 'तुम्ही' म्हणतो.

जानेवारीत सिद्धेश्वरच्या जत्रेला, गड्ड्याला गेलो, शोभेच्या दारूच्या दिवशी. होम मैदानावर गर्दी एवढी की पाय ठेवायला जागा नाही. तो माझ्या आणि गर्दीच्या मध्ये उभा राहिला, मला जराही धक्का न लागू देता, आणि वर आकाशाकडे बघत राहिला. त्या दिवसापासून माझ्या मनात वेगळंच सुरू झालंय.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. हे खरंच त्याच्याबद्दल आहे की माझ्या एकटेपणाबद्दल? पुढे जायचं तर कसं जायचं, कारण मला घाई करून हे मोडायचं नाही? आणि त्याच्या मनात तसं नसेल तर? सोलापुरात माझं म्हणावं असं तो एकच माणूस आहे.

हिप्परग्याचा अण्णा · ३ फेब्रुवारी, रात्री ११:१५

ताई, कशाला एवढं भ्यायलाव? माणूस चांगला हाय, पहाटे उठवायलाय, गर्दीत आडवा उभारला. अजून काय बघायचं? घरी सांगा, त्याच्या घरचा पत्ता घ्या, मोठी माणसं बोलतील. आमच्याकडं असंच होतंय. लांबण लावलं की गल्लीत चर्चा सुरू होती, आन् सोलापूर लई लहान गाव हाय ओ. खानावळीतला वाढपी पण घरमालकाला ओळखत असतोय.

जुळेसोलापूरकर · ४ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

एका ऑफिसात असाल तर जपून. २०१३च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक मोठ्या कार्यालयात तक्रार समिती असते आणि वरिष्ठ-कनिष्ठ नातं असेल तर गोष्ट वेगळ्या वळणावर जाऊ शकते. आधी एचआरला विचारून घ्या.

बाकी एकटेपणा जात नसेल तर पहाटे कंबर तलावावर या. तिथे फिरायला येणाऱ्यांचे चार-पाच गट आहेत, बायकांचाही एक आहे. कोणीही सामील होऊ शकतं, कोणी काही विचारत नाही.

चिपळूणची · ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

@जुळेसोलापूरकर, एका ऑफिसात नाही हो, मी बँकेत आणि तो कारखान्यात. पण तलावाचं सांगितलंत ते बरं झालं.

@अण्णा, घरी सांगण्याआधी त्याच्या मनात काय आहे ते तर कळायला हवं. नाहीतर त्याच्या घरी माझा फोटो जाईल आणि त्याला पत्ताच नसेल.

ओसरी · ४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मी बारा वर्षं समुपदेशन करते. त्यातली पाच सोलापुरात, नोकरीसाठी बाहेरून आलेल्या मुलामुलींबरोबर. तुझा पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून आज तेवढ्यावरच लिहिते.

नव्या गावात मैत्री निवडून होत नाही, सोयीने होते. खानावळ एक, गल्ली जवळ, पाण्याची वेळ एक. फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या वसाहतीत हेच पाहिलं होतं, १९५० साली ते छापून आलं. कोण कोणाचा मित्र होणार हे बरंचसं दार शेजारी आहे का, जिना एक आहे का यावर ठरत होतं. यात वाईट काही नाही, सगळ्या मैत्र्या कुठून तरी सुरू होतातच. पण सोयीमुळे जवळ आलेल्या माणसाला आपण सोयीमुळेच धरून आहोत की आता त्या माणसासाठी, हे वेगळं काढावं लागतं.

त्यासाठी मी एकच गोष्ट विचारते. तुला त्याची आठवण कधी येते? रविवारी दुपारी चार वाजता, खोलीत पंखा फिरतोय, फोनवर कोणी नाही, तेव्हा येत असेल तर तो एकटेपणा असू शकतो. तेव्हा कोणीही चांगलं माणूस आठवेल. आता आठव, दिवाळीत चिपळूणला गेली होतीस ना? घर भरलेलं, आई, भावंडं, मैत्रिणी, फराळ. त्या भरल्या घरात एखादी बारीकशी गोष्ट घडली आणि 'हे त्याला सांगायला हवं' असं मनात आलं का? रिकाम्या वेळी आठवणारा माणूस आणि भरल्या वेळी आठवणारा माणूस, या दोन गोष्टींत फार फरक असतो.

आणि गड्ड्याची रात्र. ती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण दारूकाम, आवाज, दाटलेली गर्दी यांनी काळीज आधीच धडधडत असतं आणि शेजारी जो उभा असतो त्याच्या नावावर आपण ती धडधड मांडतो. कॅनडात उंच हलणाऱ्या झुलत्या पुलावर डटन आणि ॲरन यांनी १९७४ साली हेच करून बघितलं. पूल ओलांडताना भेटलेल्या बाईला नंतर फोन करणारे पुरुष, भक्कम ठेंगण्या पुलावरच्या पुरुषांपेक्षा जास्त निघाले. म्हणून गड्ड्याच्या रात्रीवर निर्णय नको. खानावळीतल्या साध्या मंगळवारी त्याला बघून काय वाटतं, ते धर.

रेल्वे कॉलनी · ४ फेब्रुवारी, रात्री ११:५५

ओसरीताईंनी लिहिलं ते वाचून माझं सांगावंसं वाटलं. मी घाई केली होती.

२०१९ साली रेल्वेत लागून सोलापूरला आलो. ती नगरची, एका शाळेत शिक्षिका. आमची खानावळ एक. दुसऱ्याच महिन्यात, मी आजारी असताना तिने दोन दिवस डबा आणून दिला. मला ताप होता, घरची आठवण येत होती, आणि त्याच रात्री साडेअकराला मी तिला व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहून पाठवलं. सकाळी तिने 'माझ्या मनात तसं नाही, माफ करा' असं लिहिलं. मी 'ठीक आहे, मैत्री राहील' असं उत्तर दिलं.

मैत्री राहिली नाही. ती खानावळीत यायची बंद झाली. नंतर कळलं की ती दुसऱ्या खानावळीत, लांब, चालत जायची. तिचीही इथे दुसरी ओळख नव्हती. मी माझं मन मोकळं केलं आणि तिचं एकुलतं एक जेवणाचं टेबल गेलं. तिने नाही म्हटलं याचं मला फार वाईट वाटलं नाही, ते मी पचवलं. पण तिचं टेबल माझ्यामुळे गेलं हे आजही बोचतं.

चिपळूणची, तू लिहिलंस की सोलापुरात तो तुझा एकच माणूस आहे. त्याचीही तू एकटीच असशील. ते आधी बघ.

ओसरी · ५ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

@रेल्वे कॉलनी, मला हेच पुढे सांगायचं होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत.

दोघंही एकमेकांचं अख्खं गाव असतील तर 'हो'ला अर्थ नसतो. तो 'हो' म्हणेल तेव्हा तुला कसं कळेल की तुझ्यासाठी म्हणाला की रात्रीचं जेवण एकट्याने नको म्हणून म्हणाला? त्याला स्वतःलाही कळणार नाही. आणि 'नाही' म्हणायचं तर त्याला सगळंच गमवावं लागेल, म्हणून तो 'नाही' गिळून टाकेल. 'हो' खरा असायला 'नाही' परवडावा लागतो.

म्हणून बोलायच्या आधी दीड-दोन महिने एवढंच कर. तुझी आणखी दोन माणसं जोड. फार जवळची नकोत, ताप आला तर फोन करता येईल अशी. शाखेतली एखादी, तलावावरची एखादी. त्यालाही जोडू दे. त्याच्या कारखान्यातल्यांनी जेवायला बोलावलं तर 'जा ना' म्हण, आणि तो गेला की मनात काय होतं ते बघ. हायसं वाटलं, राग आला, की नुसतं टेबल रिकामं वाटलं? यातलं काहीही आलं तरी चालेल, पण ते तुझ्या ध्यानात येऊ दे.

चिपळूणची · ५ फेब्रुवारी, रात्री १०:०५

दिवाळीचं विचारलंत तर रात्रभर आठवत बसले.

पाडव्याला आमच्याकडे पाणी भरायचा प्रश्नच नसतो, विहीर आहे. मी रहाट ओढत होते आणि वहिनी म्हणाली, "हळू, अर्धी बादली सांडत्येस." आणि मला पहिल्यांदा हेच वाटलं की हे त्याला सांगायला हवं, इथे एवढं पाणी आहे की सांडलं तरी कोणी काही बोलत नाही. मी फोन केला नाही. सोलापूरला परत आल्यावर सांगितलं. तो ऐकून गप्प झाला आणि म्हणाला, "आमच्या गावात मे महिन्यात टँकर येतो. माझी आई आंघोळीचं पाणी झाडांना टाकते." मग बराच वेळ आम्ही पाण्यावरच बोलत बसलो.

भरल्या घरात आठवला होता तर. पण तो माझ्यासाठी एकटाच आहे हेही खरं. दोन्ही खरं असू शकतं का?

ओसरी · ५ फेब्रुवारी, रात्री १०:४०

असू शकतं. बहुतेक वेळा दोन्ही असतंच. एकटेपणा पूर्ण गेल्यावरच प्रेम खरं, असं मी म्हणत नाही. पिंप भरल्यावरसुद्धा नळ सुरू ठेवावासा वाटतो का, तेवढंच बघायचं.

विजापूर वेस · ६ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

मला थोडं उलटं म्हणायचं आहे. हळू, हळू सगळे म्हणतात, पण हळूचीही किंमत असते. ती मी भरली आहे.

माझी आणि त्याची मैत्री दोन वर्षं. दर रविवारी भेट, भुईकोट किल्ल्याच्या बागेत. दोघांनाही ठाऊक होतं, पण बोललं कोणीच नाही. मला वाटायचं तो बोलेल, त्याला वाटायचं वेळ आली की होईल. तोवर त्याची बदली नागपूरला झाली आणि सहा महिन्यांत घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं. त्याने मला पत्रिका पाठवली. तुमची बँकेची नोकरी आहे, तीन वर्षांत पुन्हा बदली. त्याच्या कारखान्याचं काय, तेही माहीत नाही. वेळ तुमच्या हातात आहे असं समजू नका.

ओसरी · ६ फेब्रुवारी, रात्री ९:१५

@विजापूर वेस, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमचं म्हणणं खोडून काढायचं नाही. पण हळू जाणं आणि थांबून राहणं यात मी फरक करते. हळू जाताना दर महिन्याला काहीतरी बदलतं. थांबून राहिलं की दोन वर्षं तीच बाग आणि तोच रविवार.

कॅनडात डॅनू स्टिन्सन यांच्या गटाने २०२१ साली एक अभ्यास छापला. त्यांनी विचारलेल्यांतल्या साधारण दोन तृतीयांश जोडप्यांची सुरुवात मैत्रीतून झाली होती, आणि विद्यार्थ्यांमध्ये ती मैत्री सरासरी २२ महिन्यांची होती. म्हणजे वर्ष-दीड वर्ष लागणं हे काही चुकलेलं नाही. मात्र तिथल्या विद्यार्थ्यांना बदली नसते आणि घरी स्थळं बघणं चालू नसतं. ते गणित आपल्याकडे जसंच्या तसं लागू होणार नाही, एवढं तुमचं बरोबर आहे.

चिपळूणची, दोन माणसं जोडून झाली की पुढचा टप्पा भेटीची जात बदलण्याचा. आत्तापर्यंतच्या तुमच्या सगळ्या भेटी गरजेच्या होत्या, जेवण आणि पाणी. एक भेट अशी ठरव की जिची दोघांनाही गरज नाही. दिवसाढवळ्या, लोकांत, आणि संपायची वेळ आधीच ठरलेली. नाटक, किंवा नान्नजला माळढोक अभयारण्याकडे सकाळची एक चक्कर. विचारताना 'मला तुमच्याबरोबर जायचंय' असं म्हण, 'तिकडे जायचंच होतं, तुम्ही येता का' असं नको. दुसऱ्या वाक्यात लपायला जागा असते, आणि तू लपलीस तर तोही लपेल.

मग बघ. तू मागे सांगितलेली बारीक गोष्ट त्याच्या लक्षात आहे का. तो पुढचं काही सुचवतो का. निरोप घेताना पाय घुटमळतो का. एकदा सुचवलं नाही तर काही अर्थ काढू नकोस. तीन वेळा प्रत्येक वेळी तूच विचारतेस आणि तो आनंदाने येतो पण स्वतः कधी विचारत नाही, असं झालं तर तू त्याला आवडतेस, पण चांगली मैत्रीण म्हणून, अशी शक्यता जास्त. कधी कधी नुसता संकोचही असतो, म्हणून त्यावरून पक्कं ठरवता येत नाही, विचारावंच लागतं.

वऱ्हाडी · ७ फेब्रुवारी, रात्री ८:००

मी अमरावतीचा, पुरुषाच्या बाजूने सांगतो. तुम्ही बँकेत अधिकारी, तो मेंटेनन्समध्ये. तो 'मॅडम' म्हणून थांबला आहे ना, त्यात आदर आहे आणि भीतीही आहे. परगावी एकट्या राहणाऱ्या मुलीने विश्वासाने मैत्री केली, आता आपण काही बोललो तर ती म्हणेल की हा त्यासाठीच पहाटे फोन करत होता. माझ्यासारखा माणूस हे मेला तरी बोलणार नाही. म्हणून त्याने सुचवलं नाही तर लगेच 'फक्त मैत्रीण' समजू नका, आमच्याकडचे लोक बोलायला उशीर लावतात.

हिप्परग्याचा अण्णा · ७ फेब्रुवारी, रात्री ८:४५

वऱ्हाडी भाऊ बरोबर बोलला. आमची ही पण अशीच होती, मीच बोललो शेवटी. ताई, नाटकाचं लई बेस. हुतात्मा स्मृती मंदिरात लागलं की तिकीट लवकर काढा, मागं बसलं की पंख्याच्या आवाजात काय ऐकू येत न्हाई.

चिपळूणची · ९ मार्च, रात्री १०:२०

महिना झाला, कळवते.

कंबर तलावावर सकाळी जायला लागले. तिथे एक निवृत्त शिक्षिका भेटल्या, त्यांना मी काकू म्हणते. शाखेतल्या एकीबरोबर शनिवारी नव्या पेठेत जाते. मागच्या आठवड्यात मला ताप आला तर मी फोन काकूंना केला, त्याला नाही. त्याला दोन दिवसांनी खानावळीत कळलं. तो म्हणाला, "मला सांगायचं नाही का?" आणि चेहरा उतरला. मी म्हटलं, "काकू होत्या." मग तो म्हणाला, "बरं झालं, कोणी होतं." ते तो मनापासून म्हणाला, मला कळलं.

त्याच्या कारखान्यातले लोक रविवारी क्रिकेट खेळतात, तिथे तो जायला लागलाय. पहिल्या रविवारी मला टेबल रिकामं वाटलं. दुसऱ्या रविवारी मी पुस्तक घेऊन गेले, आणि एकटीने जेवताना पहिल्यांदाच बरं वाटलं. तो यावा असं तरीही वाटत होतं. रेल्वे कॉलनी, तुमचं टेबल मला रोज आठवतं.

नाटकाला गेलो. मीच विचारलं, ओसरीताईंनी सांगितलं तसं. तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "मी आयुष्यात नाटक पाहिलं नाही. चालेल?" मध्यंतरात त्याने भेळ आणली, बिनकांद्याची. मी कांदा खात नाही हे मी एकदाच, सप्टेंबरमध्ये सांगितलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "आता नान्नजला माळढोक बघायला जायचं का? मी ऐकलंय, दिसत नाही सहसा. पण माळरान तर दिसेल."

सांगायचं ठरवलंय. कसं सांगू?

ओसरी · ९ मार्च, रात्री ११:०५

समोर बसून, दिवसा, तीन-चार वाक्यांत. रात्री नको, फोनवर नको. कोणाला ताप, कोणाच्या घरून वाईट बातमी, अशा दिवशी तर नकोच. जागा अशी निवड की सांगून झाल्यावर दोघांना वेगवेगळ्या वाटेने घरी जाता येईल. नान्नजला सांगितलंस तर पुढचे २० किलोमीटर त्याच्याच गाडीवर मागे बसून यावं लागेल.

काय वाटतं ते सांग. उत्तर आत्ता नको, हेही सांग. 'नाही असेल तरी चालेल' म्हणताना 'सगळं पूर्वीसारखं राहील' असं वचन देऊ नकोस, कारण ते राहत नाही. 'थोडे दिवस मला अवघड जाईल, पण मी खानावळ सोडणार नाही आणि तुम्हीही सोडू नका' एवढं खरं असेल तर तेच म्हण. आणि त्याने 'बघू' म्हटलं तर ते 'नाही' समजून स्वतःचं जगणं चालू ठेव. त्याला बदलायचं असेल तर तो बोलेल. 'बघू'वर दिवस मोजत बसू नये.

विजापूर वेस · १० मार्च, सकाळी ९:००

सांग गं. एवढंच.

चिपळूणची · ३१ मार्च, रात्री ९:५०

सांगितलं. १५ तारखेला, सिद्धेश्वर तलावाच्या काठी, सकाळी नऊ वाजता. माझे हात गार पडले होते. बोलले तेवढं बोलले, मधेच एक वाक्य विसरले. तो तलावाकडे बघत होता. मग म्हणाला, "मला वेळ पाहिजे. नाही म्हणायला नाही, नीट विचार करायला." आम्ही दोन वाटांनी गेलो. संध्याकाळी मी खानावळीत गेले, पोटात गोळा होता. तो आला, समोरच बसला आणि भाकरी चुरली. फार बोललो नाही.

नऊ दिवस गेले. त्यात दोनदा पाणी आलं आणि दोन्हीदा फोन आला, तेवढंच. दहाव्या दिवशी त्यानेच तलावावर बोलावलं. त्याने जे सांगितलं त्यातलं सगळं इथे लिहिणार नाही. नाटकाच्या आधीपासून त्याच्या मनात होतं. पण घरी बहिणीचं लग्न व्हायचंय, कर्ज आहे, आणि माझ्या घरी जातीचा प्रश्न निघेल याची त्याला कल्पना आहे. म्हणाला, "मला तुमच्याबरोबर राहायचंय, पण वर्षभर तरी लग्नाचं कोणाला सांगू शकत नाही. चालेल का, हे तुम्ही विचार करून सांगा. मी घेतला तेवढा वेळ घ्या."

आता वेळ माझ्याकडे आहे.

विजापूर वेस · ३१ मार्च, रात्री १०:३०

वर्षभर सांगू शकत नाही, हे मला खटकतं. तुमच्या घरी स्थळं आली तर तुम्ही काय सांगणार? याचं उत्तर त्याच्याकडून घ्या, आणि तारखेसकट घ्या.

ओसरी · १ एप्रिल, सकाळी ८:२०

खटकायलाच हवं, आणि बहिणीचं लग्न हे कारण खरंही असू शकतं. @विजापूर वेस यांचा प्रश्न त्याला जसाच्या तसा विचार. तो चिडतो, टाळतो, की बसून हिशोब करतो, यावरून तुला बरंच कळेल. तोवर रविवारचं क्रिकेट आणि तुझ्या काकू, दोन्ही चालू राहू देत.

हिप्परग्याचा अण्णा · १ एप्रिल, दुपारी १२:१०

मी तरी आधीच सांगितलं होतं, मोठ्या माणसांना घ्या म्हणून. एक वर्ष लई होतंय. पण पोरगं खरं बोललं, एवढं मानायला पाहिजे.

चिपळूणची · १२ एप्रिल, रात्री १०:१५

विचारलं. चिडला नाही. वहीत लिहायला बसला, बहिणीचं लग्न मार्गशीर्षात, कर्जाचे हप्ते कधीपर्यंत. माझ्या घरी स्थळ आलं तर त्याने आईशी आधी बोलायचं, एवढं ठरलं. वडिलांचं अजून काही ठरलेलं नाही. माझ्या बाबांचं तर मला काहीच सुचत नाही, त्यावर वेगळा धागा काढेन.

मी 'हो' म्हटलं आहे.

आज पहाटे सव्वातीनला पाणी आलं. फोन वाजला. तो म्हणाला, "उठ, पाणी आलंय."

मी पिंप भरत होते तेव्हा लक्षात आलं, तो 'उठा' म्हणाला नव्हता.